मायनस तीनची मुलगी, प्लस तीनचा भाचा आणि चष्म्याची काच

प्रश्न : "माझ्या मुलीला (वय १४) मायनस ३ नंबर आहे. चष्मा काढला की तिला फळा दिसत नाही, पण पुस्तक एकदम स्वच्छ दिसते. बहिणीच्या मुलाला (वय ९) प्लस ३ सांगितला, तो मात्र चष्म्याशिवाय फळ्यावरचं सगळं वाचतो! मग त्याला चष्मा कशाला? आणि एकाच दुकानातली काच एकीचं लांबचं आणि दुसऱ्याचं जवळचं कसं काय दुरुस्त करते? आम्ही नागपूरचेच आहोत, कुणी नीट समजावून सांगेल का?"

ताई, नागपुरातच महाल भागात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि नंबर काढण्याचं काम मी स्वतःच करतो, त्यामुळे असे आईबाप रोज समोर येतात. खरी अडचण "दुरुस्त" या कल्पनेतच आहे. काच डोळ्यात काहीच दुरुस्त करत नाही. तुमच्या मुलीचा डोळा चष्मा लावल्यावरही तेवढाच लांबट राहतो आणि भाच्याचा तेवढाच आखूड. काच फक्त येणाऱ्या उजेडाला डोळ्याच्या दारावर थोडं वळवते, म्हणजे त्या डोळ्याला जसा उजेड झेपतो तसाच तो आत जातो. एवढं लक्षात आलं की भाच्याचं कोडंही सुटतं. दोघांच्याही कागदावर सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेला लागणाऱ्या जादा नंबराचा, रकाना रिकामा आहे असं धरून लिहितो. तिथे आकडा असेल तर मूळ गोष्ट हीच राहते, पण घरचे प्रयोग इतके स्वच्छ येणार नाहीत.

आधी मुलगी. आज संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात तिला चष्मा काढून बसवा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. पेपरमधल्या छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरं डोळ्याजवळ धरून हळूहळू लांब न्यायला सांगा. अक्षरांच्या कडा जिथे पहिल्यांदा फिसकटतील तिथे थांबा आणि डोळ्यापासून पेपरापर्यंत टेपने मोजा. साधारण ३३ सेंटीमीटर भरतील. थोडे जास्त भरले तरी घाबरू नका. उजेड भरपूर असला की बाहुली बारीक होते आणि अंतर वाढल्यासारखं दिसतं. आता १०० ला ३३ ने भागा : तीन. हाच तिचा नंबर. चारच्या नंबरला हे अंतर २५ सेंटीमीटर असतं, दोनला ५०. नंबर म्हणजे हेच एक अंतर उलटं करून लिहिलेलं. या जागेला आम्ही दूरबिंदू म्हणतो. उघड्या डोळ्याने तिला स्पष्ट दिसणारं जग तिथे संपतं.

असं का होतं? मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. मुलीचा डोळा वाढीच्या वयात त्याच्या भिंगाच्या ताकदीच्या मानाने लांब झालाय, तीन नंबराला साधारण एक मिलिमीटरने. लांबच्या वस्तूचे किरण डोळ्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ समांतर झालेले असतात. तपासणीचा तक्ता ६ मीटरवर लावतात तो म्हणूनच, तेवढ्या अंतराला समांतर मानलं तरी चालतं. हे समांतर किरण तिच्या डोळ्यात पडद्याच्या थोडे अलीकडेच एकत्र येतात आणि पडद्यापर्यंत जाईस्तोवर पुन्हा पसरतात. ठिपक्याचा गोल होतो. हा गोल केवढा, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बाहुली ४ मिलिमीटर उघडी असेल आणि नंबर तीन असेल, तर लांबचा बारीकसा दिवा तिला पौर्णिमेच्या चंद्राहून मोठ्या चकतीएवढा दिसतो. रात्री बाहुली आणखी उघडते, म्हणजे चकती आणखी मोठी. तिला फुटाळा तलावाच्या काठावर उभं करून चष्मा काढायला सांगा आणि पलीकडचे दिवे कसे दिसतात ते विचारा. ती डोळे बारीक करेल, कारण फट अरुंद झाली की चकती लहान होते. मुलं टीव्हीसमोर डोळे चिमटून बसतात ती याचसाठी. ती त्यांची खोड नसते, तात्पुरता उपाय असतो.

आता काच. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. उजेड हवेतून काचेत शिरताना त्याचा वेग कमी होतो, पृष्ठभाग तिरका असेल तर वळतो, आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. काचेच्या बरोबर मध्यावर पुढचा आणि मागचा पृष्ठभाग समोरासमोर असतात, तिथे किरण सरळ जातो. मध्यापासून जसजसं दूर जावं तसतसा दोन पृष्ठभागांमधला तिरपेपणा वाढतो आणि किरण जास्त वळतो. तीन नंबरच्या काचेत मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूला पडलेला किरण इतका वळतो की पुढे एका मीटरवर तो ३ सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. २ सेंटीमीटरवर पडलेला असेल तर ६. कोनात सांगायचं तर दोन-साडेतीन अंश, फार नाही. पण मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वळवणं, हीच भिंगाची सगळी करामत.

मायनसची काच किरणांना बाहेरच्या बाजूला वळवते. लांबून आलेले समांतर किरण तिच्यातून गेले की पसरत पुढे जातात, आणि ते कुठून पसरताहेत हे मागे रेघा ओढून पाहिलं तर त्या रेघा काचेच्या पुढे ३३ सेंटीमीटरवर एकत्र येतात. हे अंतर ओळखीचं वाटलं ना? म्हणजे फळा जरी पाच-सहा मीटरवर असला, तरी त्याचा उजेड मुलीच्या डोळ्यात शिरतो तो जणू ३३ सेंटीमीटरवरून निघाल्यासारखा. आणि तेवढ्या अंतरावरचं तिला मुळातच स्वच्छ दिसतं. तिचं बारीक अक्षर वाचून होतं ते त्याच जोरावर.

घरी आणलेली काच हातात घेऊन पाहाल तर ती पुस्तकातल्या चित्रासारखी दोन्ही बाजूंनी खोलगट दिसणार नाही. पुढून ती फुगीरच असते. पुढच्या पृष्ठभागाची ताकद अधिक चार आणि मागच्या खोलगट पृष्ठभागाची उणे सात, बेरीज उणे तीन, असं काहीसं असतं. काच डोळ्याभोवती वळलेली असली की कडेने पाहताना कमी फिसकटतं. काउंटरवर कितीतरी लोक विचारतात, "मायनसची काच पुढून फुगलेली कशी? चुकीची तं नाही दिली?" नाही दिली. कडा चिमटीत धरून पाहा, कडेला जाड लागते की मध्ये, त्यावरून कळेल.

आता भाचा. त्याचा डोळा आखूड आहे. लांबून आलेले समांतर किरण पडद्यावर पोचतात तेव्हा अजून एकत्र यायचे असतात. त्यांची एकत्र यायची जागा पडद्याच्या मागे. त्याचाही दूरबिंदू आहे, पण तो समोर नाही, डोळ्याच्या मागे ३३ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे त्याच्या डोक्याच्याही पाठीमागे. आधीच जवळ येत असलेले किरणच त्याच्या निवांत डोळ्याला झेपतात, आणि जगातली कुठलीही वस्तू असे किरण पाठवत नाही. वस्तूतून निघालेला उजेड पसरतच येतो, फार तर समांतर होतो.

तरी तो फळा वाचतो. कसा? डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लवचीक असतं. भोवतीचा स्नायू आवळला की ते फुगतं आणि त्याची ताकद वाढते. नऊ वर्षांच्या मुलात ही वाढ दहा-बारा नंबरांची सहज होते. भाचा त्यातले तीन खर्च करून लांबचं स्पष्ट करून घेतो. त्याला ते कळतही नाही, कारण तो जन्मापासून तेच करत आलाय. म्हणून तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, शाळेतल्या तपासणीतून सुटतो, आणि घरचे म्हणतात की मुलाचे डोळे एक नंबर आहेत.

पुस्तक उघडल्यावरचा हिशेब मांडून पाहा. मुलं वही २५ सेंटीमीटरवर धरतात. नंबर नसलेल्या मुलाला तेवढ्या जवळच्यासाठी चार नंबरांचा जोर लावावा लागतो. भाच्याला चार अधिक आधीचे तीन, म्हणजे सात. बरोबरीचा मुलगा फळ्याकडे पाहतो तेव्हा त्याचा स्नायू मोकळा असतो, भाच्याचा तेव्हाही तीनवर आवळलेला. डोक्यावर पोतं घेऊन चालणारा माणूस मुक्कामाला पोचतोच, पण पोचल्यावर त्याच्याकडे पाहिलं की कळतं. संध्याकाळी कपाळ दुखणं, अभ्यासाला बसला की पंधरा मिनिटांत उठणं, डोळे चोळणं, वाचताना ओळ सुटणं. यातलं काय काय होतं ते बहिणीला विचारा. काहीच होत नसेल तरी पुढचा मुद्दा उरतोच.

तो मुद्दा असा, की डोळ्याचं भिंग फुगवणं आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवणं या दोन क्रिया एकमेकींशी जोडलेल्या आहेत. जवळ पाहताना दोन्ही लागतात, म्हणून निसर्गाने जोडल्यात. भाचा लांब पाहतानाही भिंग फुगवतो, तेव्हा डोळ्यांना आत वळायची सूचना विनाकारण जाते. बहुतेक मुलं ती आवरतात. काहींना आवरत नाही आणि एक डोळा आत झुकतो. आधी फक्त थकल्यावर किंवा तापात, मग वरचेवर. तिरळेपणाचा हा प्रकार प्लसच्या चष्म्याने सरळ होऊ शकतो, कारण काचेने तीन नंबर उचलले की सूचनाच जात नाही. पण लक्ष दिलं नाही तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकू लागतो, आणि लहान वयात असं झालं की तो डोळा आळशी होतो. म्हणून डॉक्टर प्लस तीनला "दिसतं ना, मग राहू द्या" म्हणत नाहीत. बहिणीला भाच्याचे संध्याकाळचे, थकलेले फोटो पाहायला सांगा. फ्लॅशची चमक दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी आहे का ते बघा. एका डोळ्यात ती बाहेरच्या बाजूला सरकलेली दिसली तर वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगतो. लहान मुलांना थोडा प्लस असणं ही नेहमीची गोष्ट आहे. जन्मतः बहुतेकांना तो असतोच आणि डोळा वाढतो तसा उतरतो. नऊ वर्षांच्या मुलाला प्लस एक असेल, डोळे सरळ असतील, तक्रार नसेल, तर मी आईबापाला चष्मा विकत नाही, सहा महिन्यांनी या म्हणतो. प्लस तीन वेगळा. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल तर तो आणखी वेगळा. आणि हा तीन कसा काढला हेही महत्त्वाचं आहे. मुलाचा स्नायू आवळलेला असताना मशीनसमोर बसवलं तर निम्मा प्लस लपून राहतो, कधी कधी तर उलट मायनस दिसतो. म्हणून मुलांची तपासणी स्नायू सैल करणारे थेंब टाकून करतात. थेंबांनंतर काही तास, औषधाप्रमाणे एखाद-दोन दिवसही, उजेड सोसत नाही आणि जवळचं दिसत नाही. मग रेटिनोस्कोप नावाच्या छोट्या यंत्राने उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवून आतली चमक कुठे सरकते ते पाहायचं आणि ती थांबेपर्यंत समोर भिंगं बदलत जायचं. मुलाने काही वाचायचीही गरज नाही, त्याच्या तोंडी उत्तरावर आम्ही विसंबतच नाही. भाच्याचे थेंब टाकले होते का, हे बहिणीला नक्की विचारा. नसतील तर तो तीन अजून पक्का समजू नका.

प्लसची काच मायनसच्या उलट, मध्ये जाड. किरणांना ती आतल्या बाजूला वळवते. भाच्याचा चष्मा तयार झाला की दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीपाशी काच धरा. भिंतीपासून मागे-पुढे करत राहिलात की एका जागी खिडकीचं आणि बाहेरच्या झाडाचं उलटं, रंगीत, बारीक चित्र भिंतीवर उमटेल. बाहेरचं झाड नीट उमटलं की काच ते भिंत अंतर मोजा. तीन नंबरला ३३ सेंटीमीटर यायला हवं. चष्मा घातल्यावर हे जवळ येणारे किरण भाच्याच्या डोळ्यात शिरतात, त्यांची दिशा डोळ्यामागच्या त्या दूरबिंदूकडेच असते, आणि उरलेलं काम त्याचा डोळा स्नायू न आवळता करतो. मुलीच्या काचेने भिंतीवर असं चित्र कधीच येणार नाही. उन्हात धरली तर मध्ये सावली आणि भोवती उजळ कडं दिसेल, कारण ती उजेड बाहेर फेकते. प्लसची काच उन्हात कागदावर किंवा हातावर धरायला मुलांना देऊ नका, मे महिन्यात तर नकोच.

काच डोळ्यापासून किती लांब आहे यानेही नंबर थोडा बदलतो. काच डोळ्यापुढे साधारण १२ मिलिमीटरवर असते. मायनसचा चष्मा नाकावरून घसरला की त्याचा जोर डोळ्यापाशी कमी पडतो, प्लसचा घसरला की वाढतो. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी म्हणतात, "बाप्पा, नाकाच्या शेंड्यावर आणला की पेपर बरा दिसते." त्यांचा चष्मा प्लसचा आणि वय वाढल्याने नंबर कमी पडतोय, म्हणून त्या नकळत स्वतःच वाढवून घेतात. तुमची मुलगी चष्मा बोटाने डोळ्याकडे दाबून फळा पाहू लागली, तर तिचा मायनस वाढलाय असं समजा आणि तपासणीला न्या. तीन नंबरात हा फरक पाव नंबरापेक्षाही कमी असतो. मायनस आठ नंबरच्या माणसाला मात्र कॉन्टॅक्ट लेन्स सव्वासातच्या आसपास लागते, कारण ती डोळ्यालाच चिकटून बसते. कागदावरचा चष्म्याचा नंबर लेन्सच्या दुकानात तसाच वाचून दाखवू नये तो यासाठी.

दुकानांत सर्वांत जास्त बिघडते ती एक गोष्ट, फिटिंग. वर सांगितलं की काच फक्त मध्यावर किरण सरळ सोडते. तो मध्य बाहुलीसमोर यायला हवा. त्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजावं लागतं. फ्रेम रुंद घेतली आणि पीडी न मोजता काच घासली, तर तीन नंबरच्या काचेत मध्य ४ मिलिमीटर सरकला तरी प्रत्येक डोळ्यात वस्तू एका मीटरवर सव्वा सेंटीमीटर सरकून दिसते. दोन्ही डोळ्यांचा फरक जोडीने वाढतो आणि डोळे ते चित्र जुळवायला दिवसभर झटत राहतात. नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं, जमीन उतरती वाटते. लोक समजतात नंबर चुकला. घरी तपासायचं तर खिडकीच्या उभ्या दांडीकडे काचेतून पाहा, काच डोळ्यापासून वीतभर लांब धरून हळू डावी-उजवीकडे सरकवा. काचेतली आणि काचेबाहेरची दांडी जिथे एका रेषेत येते तिथे पेनाने बारीक ठिपका द्या. दोन्ही काचांवर ठिपके देऊन त्यांच्यातलं अंतर मोजा. कागदावर लिहिलेल्या पीडीशी २ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर चष्मा परत घेऊन जा. हे करताना आणखी एक दिसेल : मायनसच्या काचेत दांडी काचेच्या दिशेनेच सरकते, प्लसच्या काचेत उलट. जुन्या कारागिराला एवढ्यावरून नंबर अंदाजे सांगता येतो.

चष्म्याने नंबर वाढतो का, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरात कुणीतरी विचारणारच. मुलीचा मायनस वाढला तर तो डोळा लांब होत राहिल्याने, काचेमुळे नाही. नंबर मुद्दाम कमी देऊन तो थोपवता येतो असं समजणारे अजून आहेत. तसा फायदा होत नाही, मुलं फक्त अंधुक पाहत बसतात. रोज उजेडात, घराबाहेर खेळण्याचा उपयोग मात्र होतो. तिने पुस्तक चष्मा काढून वाचलं तर? ३३ सेंटीमीटरवर वाचत असेल तर बिघडत नाही. पण चष्मा काढला की मुलं वही नाकाशी नेतात, म्हणून मी लावूनच वाचायला सांगतो.

भाच्याचा चष्मा आला की पहिल्या दिवशी तो म्हणेल, "याच्यातून लांबचं धुरकट दिसते, काढल्यावर चांगलं दिसते." तो खरंच बोलतोय. त्याचा स्नायू सवयीने आवळलेलाच आहे आणि वर काचेचे तीन आले, म्हणजे हिशेब दोनदा झाला. स्नायूला सोडायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. सुरुवात घरी वाचताना-लिहिताना करा, मग शाळेत. डॉक्टरांनी कधी कधी सुरुवातीला थोडा कमी प्लस दिलेला असतो तो याचसाठी, पण डोळा आत झुकत असेल तर पूर्णच देतात. तीन-चार आठवड्यांनीही लांबचं धुरकटच राहिलं, तर आधी पीडी तपासा, मग थेंब टाकून नंबर पुन्हा काढून घ्या.